दोन कार्डं एकत्र टॅप केली तर काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानांमध्ये कार्डाची मशीन बसवणं आणि बिघडली की जाऊन बघणं हे माझं रोजचं काम. फोनवर एक तक्रार ठरलेली असते: गिऱ्हाइकाने पाकीट टेकवलं आणि मशीनने नकार दिला, किंवा पैसे गेले पण भलत्याच कार्डातून. भाचा लंडनला असल्यामुळे त्याच्या मित्रमंडळींचेही असलेच प्रश्न माझ्याकडे येतात. परत परत तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

१. माझ्या कार्डावर वायफायसारखी खूण आहे. आत बॅटरी नाही, मग ते टेकवल्यावर चालतं कसं?

आधी एक सांगतो. सगळे त्याला "वायफायवालं कार्ड" म्हणतात, पण त्याचा वायफायशी काही संबंध नाही. कार्डाच्या प्लॅस्टिकच्या आत, कडेकडेने, बारीक तारेचे काही वेढे असतात आणि ते चिपला जोडलेले असतात. मशीनच्या आतही तशीच तार असते. मशीन १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. कार्ड त्या क्षेत्रात आलं की तारेत वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर चिप जागी होते. बोलण्यासाठीही कार्ड वेगळी लहर सोडत नाही. मशीनच्याच क्षेत्रातून ते कमीजास्त ऊर्जा ओढतं आणि तो चढउतार मशीन वाचतं.

हे सगळं साधारण चार सेंटिमीटरच्या आत चालतं, म्हणजे दोन-तीन बोटांच्या रुंदीइतकं. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे. मशीनला तुमचं पाकीट दिसत नाही, तुम्ही कुठलं कार्ड मनात धरलंय तेही कळत नाही. त्या चार सेंटिमीटरमध्ये जी तार पुरेशी वीज ओढेल, ती उत्तर देणार.

२. पाकीट तसंच टेकवलं की स्क्रीनवर "Please present one card only" येतं. त्याला कळतं कसं की आत दोन आहेत?

मशीन क्षेत्र सुरू करून आधी हाक मारतं, "कोणी आहे का?" जवळ असलेलं कार्ड "आहे" म्हणतं. मग मशीन त्याचा क्रमांक विचारतं. हा तुमच्या कार्डावर छापलेला सोळा आकडी नंबर नव्हे. तो फक्त या संभाषणापुरता ओळखक्रमांक असतो, आणि पुष्कळ बँक कार्डं तो दर वेळी नवा बनवून देतात. असा बनवलेला चार बाइटचा क्रमांक `08` ने सुरू होतो.

समजा पाकिटात अशी दोन कार्डं आहेत. एकाचा क्रमांक `08 3A…` आणि दुसऱ्याचा `08 3B…`. हाक एकच, त्यामुळे दोघंही एकाच क्षणी उत्तर देतात. पहिला बाइट दोघांचा सारखाच, म्हणून पहिली आठ बिटं एकावर एक बसतात आणि मशीनला काही वावगं वाटत नाही. प्रत्येक बाइट शेवटच्या बिटाकडून पाठवला जातो, म्हणून नववं बिट `3A` कडून ० येतं आणि `3B` कडून १. एकाच जागी ० आणि १ दोन्ही ऐकू आले की मशीनला कळतं, समोर दोघं आहेत.

ऑफिसच्या दारावरचं कार्ड वाचणारं यंत्र अशा वेळी दोघांना वेगळं काढून एकेकाशी बोलू शकतं, आणि तांत्रिकदृष्ट्या पैशांच्या मशीनलाही ते अवघड नाही. पण पैशांच्या व्यवहारात कार्ड निवडण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा, म्हणून नियमानेच त्याने तिथे थांबायचं असतं. ते क्षेत्र बंद करतं आणि "एकच कार्ड धरा" म्हणतं. हा संदेश दिसला तर मशीन उत्तम काम करतंय. दुकानदार उगाच मला फोन करतात.

३. मशीन दोन कार्डं ओळखतं, तर मग पैसे भलत्याच कार्डातून कसे जातात?

कारण मशीन फक्त जे उत्तर देतात त्यांनाच मोजतं. आत दोन कार्डं असून एकानेच उत्तर दिलं, तर मशीनच्या लेखी समोर एकच कार्ड आहे.

दुसरं गप्प राहण्याची दोन कारणं मी वारंवार बघतो. पहिलं, तारेवर तार. दोन कार्डं एकमेकांना चिकटून असली की त्यांच्या तारा एकमेकींवर परिणाम करतात आणि दोघींचा सूर बिघडतो. रेडिओचा काटा स्टेशनवरून जरा सरकल्यासारखं. एकाचा इतका बिघडतो की चिप जागीच होत नाही, दुसरं कसंबसं तग धरतं. कोण तग धरेल हे कार्डाची बनावट, त्यांचा क्रम आणि कोन यावर असतं, त्यामुळे आधी सांगता येत नाही.

दुसरं कारण हाताच्या हालचालीचं. आपण पाकीट मशीनकडे नेतो तेव्हा मशीनकडच्या बाजूचं कार्ड काही मिलिमीटर पुढे असतं. ते आधी जागं होतं, हाकेला उत्तर देतं आणि बोलणं सुरू होतं. "आणखी कोणी आहे का" ही तपासणी सुरुवातीलाच होते. मागचं कार्ड क्षणभराने जागं झालं, तरी नवी हाक येईपर्यंत ते बोलत नाही. कार्डाशी बोलणं अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकतं, तोवर पाकीट मागे घेतलेलंही असतं.

यातून तिसरा प्रकारही घडतो. मागचं कार्ड जागं झालं की तेही वीज खायला लागतं, आणि पुढच्याला मध्येच कमी पडते. मग मशीन "पुन्हा टॅप करा" म्हणतं. संदेश वेगळा असला तरी भानगड तीच.

४. तेच पाकीट, तीच दोन कार्डं, दोन वर्षं नीट चालत होती. आता अचानक का बिघडलं?

मी पहिला प्रश्न विचारतो, "इतक्यात एखादं कार्ड नवं आलं का?" बहुतेक वेळा उत्तर "हो" असतं. जुन्या डेबिट कार्डाची मुदत संपली आणि बँकेने त्याच रंगाचं, त्याच चेहऱ्याचं नवं पाठवलं. जुन्यावर ती लहरींची खूण नव्हती, नव्यावर आहे. म्हणजे दोन वर्षं पाकिटात टॅप होणारं कार्ड एकच होतं.

कार्ड नवं नसेल तर क्रम बदलला असेल, किंवा दुकानदाराने मशीन बदललं असेल. काही मशीनमध्ये तार स्क्रीनखाली असते, काहींत वरच्या कडेला. पाकीट टेकवण्याची जागा बदलली की पुढे कोण आणि मागे कोण तेही बदलतं.

५. एकाच टॅपमध्ये दोन्ही कार्डांतून पैसे जाऊ शकतात का?

नाही. मशीन एका व्यवहारात एकाच कार्डाशी बोलतं आणि एकच रक्कम एकाच बँकेकडे पाठवतं. दोन्हीकडून पैसे गेल्याचे दोन मेसेज आले असतील, तर व्यवहार दोन झालेत.

माझ्या समोर घडलेलं सांगतो. एका किराणा दुकानात बाईंनी पाकीट टेकवलं. मशीन बराच वेळ "Processing" दाखवत राहिलं, कारण सिमला रेंज नव्हती. पोऱ्याला वाटलं अडकलं. त्याने लाल बटण दाबून रक्कम पुन्हा टाकली. बाईंनीही पाकीट उलटं करून टेकवलं आणि पावती आली. पाच मिनिटांनी पहिल्या कार्डाचा मेसेज आला. पहिला व्यवहार बँकेपर्यंत पोचला होता, फक्त उत्तर परत आलं नव्हतं. अशा पावती न निघालेल्या व्यवहाराचे पैसे सहसा आपोआप परत येतात, त्याबद्दल प्रश्न ७ मध्ये.

६. कुठल्या कार्डातून गेले हे काउंटरवर उभं असतानाच कसं कळेल?

बँकेच्या मेसेजची वाट बघू नका, तो उशिरा येऊ शकतो. पावतीवर कार्डाचे शेवटचे चार आकडे असतात, ते बघा. दोन्ही कार्डांचे शेवटचे चार आकडे पाठ नसतील, तर पावतीवर AID नावाची ओळ सहसा असते. तिच्यापुढे `A000000003` ने सुरुवात असेल तर व्हिसा, `A000000004` असेल तर मास्टरकार्ड आणि `A000000524` असेल तर रुपे. एक कार्ड व्हिसा आणि दुसरं रुपे असेल, तर एवढ्यावरच निकाल लागतो.

पावती नको म्हणायची सवय मात्र सोडावी लागते. गिऱ्हाइकाची प्रत नसेल तरी दुकानदाराला मशीनमधून ती पुन्हा छापता येते.

७. पैसे चुकीच्या कार्डातून गेले. परत कसे मिळवू?

आधी ठरवा, परत मिळवायलाच हवेत का. दोन्ही कार्डं तुमचीच असतील आणि क्रेडिट कार्डाचं बिल वेळेवर भरत असाल, तर सोडून देणं सोपं. पण ते ऑफिसचं कार्ड असेल किंवा दुसऱ्या कोणाचं असेल, तर तिथेच थांबा.

एका औषधांच्या दुकानातलं उदाहरण घेऊ. बिल १,८६० रुपये. गृहस्थांच्या पाकिटात स्वतःचं रुपे डेबिट आणि कंपनीचं व्हिसा क्रेडिट. पहिल्यांदा मशीनने "एकच कार्ड" म्हणून नकार दिला. त्यांनी पाकीट फिरवून पुन्हा टेकवलं आणि पावती आली. AID `A0000000031010`, म्हणजे कंपनीचं कार्ड. दुकानदाराने मशीनमध्ये "Void" निवडलं, पावतीवरचा व्यवहार क्रमांक आणि आपला पासवर्ड टाकला, आणि रद्द केल्याची पावती निघाली. मग गृहस्थांनी डेबिट कार्ड बाहेर काढून एकटंच टेकवलं. तीन मिनिटांत सगळं मिटलं.

व्हॉइड दिवसाअखेरचं सेटलमेंट, म्हणजे दिवसभराचे व्यवहार पक्के करून बँकेकडे पाठवणं, होईपर्यंतच करता येतं. रात्री दुकानदाराने, किंवा मशीनने आपोआप, सेटलमेंट केलं की ती वाट बंद. मग रिफंड करावा लागतो आणि पैसे यायला काही दिवस लागतात. म्हणून दुकानातून बाहेर पडण्याआधी पावती बघा. आणि आधी व्हॉइड, मग नवा टॅप. उलट केलंत तर मधल्या वेळेत दोन्हीकडून पैसे गेलेले असतात आणि काउंटरवर वाद होतो.

बँकेत तक्रार करून मात्र फारसं हाती लागत नाही. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे: खात्यातून पैसे गेले पण दुकानात पावती निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, नंतर दर दिवशी १०० रुपये भरपाई. प्रश्न ५ मधल्या बाईंना तो लागू होतो. पण भलत्या कार्डातून गेलेला व्यवहार बँकेच्या लेखी यशस्वी व्यवहार असतो. कार्ड खरं, मशीन खरं, माल तुम्हाला मिळालेला. तिथे दुकानदाराचं सहकार्य लागतंच.

८. बँकेच्या ॲपमध्ये दुसऱ्या कार्डाचं टॅप बंद करून ठेवलंय. आता पाकीट तसंच टेकवलं तर चालेल ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे. ॲपमधलं बटण बँकेच्या यंत्रणेत नोंद करतं, कार्डातल्या चिपला त्याचा पत्ता नसतो. मशीनने हाक मारली की ते कार्ड नेहमीसारखं "आहे" म्हणणारच. म्हणजे प्रश्न २ मधली धडक होणार ती होणारच. फरक इतकाच, की चुकून त्याच कार्डाशी बोलणं झालं तर बँक व्यवहार नाकारते. पैसे वाचतात, पण गिऱ्हाइकाला वाटतं "माझं चांगलं कार्ड नाकारलं".

नव्या कार्डांवर टॅपची सोय सुरुवातीला बंदच असते, ती तुम्ही सुरू करायची. त्यामुळे कधीही न वापरलेलं, पाकिटात नुसतं पडून असलेलं कार्डही पूर्ण ताकदीने आड येतं.

९. पाच हजारांच्या वरचं बिल होतं. पिन शंभर टक्के बरोबर टाकला तरी "चुकीचा पिन" आलं. असं कसं?

पिन बरोबर होता, कार्ड दुसरं होतं. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत टॅपला पिन लागत नाही, त्यावर लागतो. मशीनने पाकिटातलं क्रेडिट कार्ड वाचलं, तुम्ही पिन टाकला डेबिटचा. बँकेने तो क्रेडिटच्या पिनशी ताडून पाहिला आणि नाकारला.

इथे हट्टाने परत परत टाकू नका. सहसा तीन चुकांनंतर कार्डाचा पिन अडतो, आणि तोही अशा कार्डाचा जे तुम्ही आज वापरायला काढलंच नव्हतं. पहिल्या नकारानंतर कार्ड बाहेर काढा आणि चिप मशीनमध्ये घालून व्यवहार करा. खाचेत एका वेळी एकच कार्ड जातं.

१०. पाकिटातली बाकीची कार्डंही आड येतात का? आधार, ऑफिसचं कार्ड, फास्टॅग?

आधारच्या प्लॅस्टिक कार्डात चिपच नाही, ते निरुपद्रवी. फास्टॅग फार वरच्या वारंवारतेवर, साधारण ८६५ मेगाहर्ट्झला, चालतो. ऑफिसच्या कार्डाचं मात्र सांगता येत नाही. जुनी जाडसर कार्डं बरेचदा १२५ किलोहर्ट्झची असतात, ती गप्प बसतात. नव्यांतली पुष्कळ १३.५६ चीच असतात आणि बँक कार्डाइतकीच त्रास देतात. चिपचा पासपोर्टही त्याच जातीचा, त्यामुळे विमानतळावर पासपोर्टात कार्ड खोचून टेकवू नका.

मोबाईलच्या कव्हरमागे कार्ड ठेवणाऱ्यांचं वेगळंच असतं. फोनमध्ये एनएफसी, म्हणजे टॅपची सोय, सुरू असेल तर फोन स्वतःच कार्ड शोधत असतो आणि मशीनच्या क्षेत्रात ढवळाढवळ करतो. शिवाय फोननेच पैसे द्यायची सोय असेल तर मशीनसमोर पुन्हा दोघं उभे.

११. मेट्रोच्या गेटवर पाकीट टेकवतो, कधी उघडतं कधी नाही. तिथेही भलत्याच कार्डातून पैसे जातात का?

पुणे आणि मुंबईतल्या मेट्रोच्या गेटला एनसीएमसी, म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड चालतं. "वन पुणे" कार्ड त्यातलंच. यात प्रवासाचे पैसे कार्डातल्याच छोट्या पाकिटात साठवलेले असतात, आणि आत शिरल्याची नोंदही कार्डावरच लिहिली जाते. शेजारी साधं क्रेडिट कार्ड असेल तर त्यातून भाडं कापलं जाणार नाही. पण धडक होऊन गेट अडेल.

गंमत होते ती पाकिटात दोन एनसीएमसी असतील तेव्हा. मेट्रोचं कार्ड आणि बँकेचं रुपे डेबिट, ज्याच्यावर ही सोयही आहे पण तुम्हाला ठाऊक नाही. आत जाताना मेट्रोचं वाचलं गेलं, बाहेर पडताना बँकेचं. त्याच्यावर आत शिरल्याची नोंदच नाही, गेट लाल. दुसरी तऱ्हा: आत जातानाच बँकेचं वाचलं गेलं आणि "शिल्लक कमी" आलं. खात्यात हजारो आहेत, पण कार्डातल्या छोट्या पाकिटात शून्य. ही दोन वेगवेगळी खाती आहेत. गेटवर भांडू नका, दोन्ही कार्डं वेगळी काढून ग्राहक सेवा खिडकीवर दाखवा. कुठल्या कार्डावर प्रवेशाची नोंद आहे ते तिथे दिसतं.

१२. भाऊ लंडनला आहे. एकाच प्रवासाचे त्याला दोनदा, तेही जास्तीचे पैसे लागले. हे याच कारणाने का?

बहुधा हो. तिकडे याला "कार्ड क्लॅश" असं नावच पडलंय. लंडनमध्ये बस-रेल्वेच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड २००३ पासून आहे. बँकेचं कार्ड बसमध्ये डिसेंबर २०१२ पासून आणि भुयारी रेल्वेत सप्टेंबर २०१४ पासून चालायला लागलं. तेव्हापासून टेकवायच्या त्याच पिवळ्या गोलावर दोन्ही चालतात, आणि इथेच फरक पडला. दुकानात भलतं कार्ड वाचलं गेलं तर रक्कम तीच राहते, फक्त खिसा बदलतो. लंडनमध्ये रक्कमच बदलते.

समजा भाऊ वेम्बली पार्कला चढला. पाकीट टेकवलं, ऑयस्टर वाचलं गेलं, गेट उघडलं. किंग्ज क्रॉसला उतरताना पाकीट उलट्या बाजूने टेकवलं, बँकेचं कार्ड वाचलं गेलं, तेही गेट उघडलं. त्याला काहीच कळलं नाही. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ऑयस्टर वेम्बलीला आत शिरलं आणि कधी बाहेरच आलं नाही, तर बँक कार्ड आत न शिरताच किंग्ज क्रॉसला बाहेर पडलं. दोन अर्धे प्रवास, दोन्हींवर कमाल भाडं. बँकेच्या कार्डाचा दिवसाचा हिशेब एकत्र होऊन नंतर येतो, म्हणून त्याच दिवशी कळतही नाही.

कधीकधी ही चूक तिथली यंत्रणा स्वतःच दुरुस्त करते. न केल्यास ऑयस्टर आणि बँक कार्ड दोन्ही लंडनची वाहतूक चालवणाऱ्या टीएफएलच्या खात्यात जोडायची आणि अपुऱ्या प्रवासाचा परतावा मागायचा. प्रवासात तिकीट तपासनीस आला तर आत शिरताना टेकवलेलंच कार्ड दाखवावं लागतं. पाकीट टेकवणाऱ्याला ते कुठलं हेच माहीत नसतं, हा खरा धोका.

बसमध्ये उतरताना टॅप नसतो, म्हणून दुहेरी भाड्याचा हा प्रकार घडत नाही. पण पहिल्या टॅपनंतर तासाभरात दुसरी बस फुकट मिळते ती त्याच कार्डावर. पहिल्या बसला एक आणि दुसऱ्या बसला दुसरं वाचलं गेलं की दोन तिकिटं.

१३. मी जाताना कार्ड टेकवलं आणि येताना त्याच कार्डाने फोनवरून पैसे दिले. कार्ड एकच, मग लंडनला दोन धरलं कसं?

फोनमध्ये कार्ड घातलं की फोन तुमचा खरा सोळा आकडी नंबर वापरत नाही. त्याला वेगळा क्रमांक दिला जातो, घड्याळाला आणखी वेगळा. खातं एकच असलं तरी गेटच्या दृष्टीने प्लॅस्टिकचं कार्ड, फोन आणि घड्याळ ही तीन वेगळी कार्डं. एका प्रवासात आत ज्याने गेलात त्यानेच बाहेर या. आयफोनवर एक्स्प्रेस मोड सुरू असेल तर फोन न उघडताच तो गेटला उत्तर देतो. म्हणजे प्लॅस्टिकचं कार्ड ज्या हातात, त्याच हातात फोन असेल तर प्रश्न ३ मधली शर्यत तुमच्या नकळत सुरू झालेली असते.

१४. जाळीचं किंवा चांदीच्या कागदाचं कव्हर मिळतं. ते घेऊ का?

जे कार्ड टॅप करायचं नाही त्याच्यावर घाला, तर काम होतं. धातूचा पत्रा चुंबकीय क्षेत्र अडवतो आणि चिप जागी होत नाही. पण लोक सगळी कार्डं एकाच कव्हरमध्ये कोंबतात, किंवा नेहमीचं कार्डच कव्हरमध्ये घालतात आणि मग मशीनला शिव्या देतात. धातूच्या पट्ट्याला लागून असलेलं कार्डही कमजोर होतं, कव्हरच्या बाहेर असलं तरी. एका गिऱ्हाइकाने दोन कार्डांच्या मध्ये चॉकलेटचा चंदेरी कागद दुमडून ठेवला होता. पाकिटाची एक बाजू टेकवली की डेबिट, दुसरी टेकवली की क्रेडिट. महिनाभर छान चाललं, मग कागद फाटला. आता ते कार्ड बाहेर काढून टेकवतात.